चरक, घुंगरांसकट

आमच्या आबांचा एलसीवर राग होता. साधासुधा राग नव्हे, कुणी नुसतं नाव काढलं तरी भरल्या पानावरून उठायचे. एलसी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी बिचकू नये. मलाही तेव्हा नुकतंच कळायला लागलं होतं, आणि जेवढं कळत होतं त्याच्या दुप्पट मी बोलत होते. बी.कॉम. झाले होते, टायपिंगची परीक्षा दिली होती, आणि घरात इंग्रजी पत्र वाचणारी मी एकटी. एवढ्या भांडवलावर माणूस किती तोरा मिरवेल? तेवढा मी मिरवत होते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची पत्र्याची शेड होती. आबा तिथं उसाचे चरक बनवायचे, रसवंतीत ऊस घालून रस काढतात ते. ओतकाम बाहेरून यायचं, टर्निंग आणि जोडणी आमच्याकडं. आबांचा पहिला चरक पेठ वडगावच्या बाजारात उभा राहिला आणि नंतर आख्ख्या जिल्ह्यात गेले. आणि प्रत्येक चरकाच्या चाकाला आबा स्वतःच्या हातानं पितळी घुंगरं बांधायचे. तसा रसवंतीचा रिवाजच आहे म्हणा, पण आबांचा त्यावर एक सिद्धान्त होता. "माणूस रस्त्यानं निघाला की त्याला तहान लागलेली नसती. छुन छुन ऐकलं की लागती. तवा घुंगरू हा मशीनचाच पार्ट हाय, दागिना न्हवं." मी हे हसण्यावारी न्यायची. आई मात्र म्हणायची, "खरं हाय त्यांचं. मलाबी लागती."

नव्वदच्या दशकात परदेशी माल पाठवायचं वारं आमच्या गल्लीतही शिरलं. शेजारपाजारचे इंजिनाचे भाग पाठवायला लागले. आमच्याही नशिबानं पुण्याच्या एका प्रदर्शनात दुबईच्या व्यापाऱ्यानं दोन चरकांची ऑर्डर दिली, आणि पैशासाठी एलसी उघडली. तो कागद आला तेव्हा आबांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. राग नंतरचा.

आमच्या बँकेच्या परदेशी व्यवहाराच्या टेबलावर एक साहेब होते. कळंब्याहून स्कूटरवर यायचे, टाय लावायचे आणि चहा बशीत ओतून प्यायचे. आंबेडकरांचा छोटा फोटो त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असायचा, आणि "वाचल्याशिवाय सही करायची न्हाय" हे वाक्य दिवसातून चारदा तोंडात. त्यांनी मला समोर बसवून समजावलं. "ताई, एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, गिऱ्हाइकाच्या बँकेनं दिलेला शब्द. तुम्ही अटीप्रमाणं कागद दिले, की गिऱ्हाईक रुसो नायतर फुगो, त्या बँकेला पैसे द्यावेच लागतात. तिचा स्वतःचा खिसा रिकामा होणार असतो, म्हणून ती कागदाचा शब्द अन् शब्द तपासती. मशीन कसं हाय ते ती बघत न्हाय. फक्त कागद."

हे मला पटलं. आबांनाही पटलं, पण बिल हातात घेऊन साहेबांनी मान हलवेपर्यंतच. मी बिलात मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, उसाच्या रसाचे चरक, पितळी घुंगरांसह. एलसीत नुसतं लिहिलेलं, उसाच्या रसाचे चरक. घुंगरांचा पत्ता नाही.

"घुंगरं काढा," साहेब म्हणाले.

"बिलातनं?" मी विचारलं.

"बिलातनं काढली तर मशीनवरनं पण काढा. कस्टमला बिलात नसलेला माल कसा दाखवणार? आन् बिलात ठेवली तर तिथली बँक म्हणणार, आम्ही घुंगरं मागितलीच न्हवती. फुकट दिली तरी चालत न्हाय. जास्तीचा माल दिसला की कागद परत."

आबा बाकावर बसले होते, ते उठून उभे राहिले. "साहेब, मुकं मशीन पाठवू व्हय?"

मुकीच मशीनं गेली. कागद बिनचूक, पैसे वेळेत आले, साहेबांनी पेढे खाल्ले. पण आबांच्या मनातून ते गेलं नाही. शेडच्या कोपऱ्यात खिळ्याला ती काढलेली घुंगरं तशीच टांगलेली होती, आणि येईल त्याला आबा दाखवायचे, "ही बघा, एलसीनं काढली."

पुढच्या वर्षी मोंबासाचा पाव्हणा आला. आफ्रिकेतलं ते बंदर. तिथं आपली माणसं पिढ्यान्पिढ्या दुकानं थाटून आहेत, हा त्यातलाच एक. गोड बोलणारा, हिंदी छान, पांढरा सफारी. तिथं समुद्राकाठी उसाचा रस आलं-लिंबू घालून विकतात, धंदा जोरात आहे, बारा चरक हवेत म्हणाला. बारा म्हणजे आमच्या शेडनं तोवर एका वेळी कधी बनवलेच नव्हते.

पाव्हणा लॉजवर उतरणार होता. आबा म्हणाले, "लॉजवर कशाला? घर हाय की." झालं. पाव्हणा चार दिवस आमच्याकडं. पहिल्या दिवशी तांबडा-पांढरा, दुसऱ्या दिवशी मटणाचं लोणचं, तिसऱ्या दिवशी आईनं खास खिम्याचे गोळे केले. पांढऱ्या रश्शाच्या तर त्यानं वाट्यांवर वाट्या रिचवल्या, आणि आई आत येऊन मला म्हणाली, "माणूस चांगला दिसतोय. पोटभर जेवतो."

चौथ्या दिवशी हात पुसता पुसता मी विषय काढला, एलसी कधी उघडणार. पाव्हणा हसला. एलसीला तिथली बँक फार पैसे अडकवून ठेवते म्हणाला, कागद कलेक्शननं पाठवा, मी नव्वद दिवसांनी देतो. मी काही बोलायच्या आत आबांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी ताट उचलून आत गेले. पाठोपाठ आबा आत आले.

"अगं, घरी जेवलेल्या माणसाकडं काय मागतेस?"

"आबा, त्यात जेवणाचा काय संबंध?"

"संबंध कसा न्हाय? चार दिवस ताटाला ताट लावून जेवला. आता त्याला म्हणू, तुझ्यावर इस्वास न्हाय, तुझ्या बँकेचा शब्द आण? लाज काढशील माझी."

आता सांगा, याला काय उत्तर देणार? हा युक्तिवाद जगातल्या कुठल्याही व्यापाराच्या पुस्तकात सापडायचा नाही, आणि कोल्हापुरात तो कुणाला तोडता येत नाही. मी खूप तणतणले. शेवटी एवढंच पदरात पडलं, की नव्वद दिवसांची उधारी नाही. नुसतं मान्य केल्याच्या सहीवर कागद त्याला मिळाले असते, तर माल घेऊन तो मोकळा आणि आम्ही नव्वद दिवस देव पाण्यात घालून बसलेले. म्हणून, पैसे भरले तरच कागद हातात. पाव्हणा कबूल झाला, आणि परत पांढरा रस्सा पिऊन गेला.

साहेबांकडं गेले तर त्यांनी बशी खाली ठेवली. "ताई, यात बँक फक्त पोस्टमन. आम्ही कागद मोंबासाच्या बँकेला पाठवणार. ती गिऱ्हाइकाला बोलावणार. त्यानं पैसे भरले तर कागद त्याचे, न्हाय भरले तर कागद तिथंच. भर म्हणून सांगता येतं, भरायला लावता येत न्हाय. आन् बंदरात पडलेला माल कुठलीच बँक सांभाळत बसत न्हाय. नुकसान तुमचं." थोडं थांबून म्हणाले, "ह्या ऑर्डरसाठी शेड तारण ठेवलीय, ठाऊक हाय न्हवं?"

ठाऊक होतं. बारा चरकांचा लोखंड-पितळेचा खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून आबांनी शेडवर कर्ज उचललं होतं. पाव्हण्यानं पैसे दिले तर शेड राहणार, नाही दिले तर आबांच्या हाताला काम राहणार नाही. बस्स, सगळं त्यावर टांगलेलं.

पण आबांना कसली काळजी? ते खुशीत होते. कलेक्शनमध्ये बँक बिलाचे शब्द तपासत नाही म्हटल्यावर बाराच्या बारा चरकांना घुंगरं बांधली, आणि मला बिलातही लिहायला लावली. शेडमध्ये चाचणीसाठी चरक फिरवले त्या दुपारी उद्यमनगरातली माणसं लेथ बंद करून बघायला आली होती. बारा चाकांची घुंगरं एकदम वाजली, आणि मी सुद्धा, खोटं कशाला बोलू, सगळा राग विसरून हसत उभी होते.

माल जहाजावर चढायच्या वेळी आमची दुसरी जुंपली. जहाज कंपनी माल चढवल्याची जी पावती देते, तीच मालाची किल्ली. ती ज्याच्या हातात, माल त्याचा. आबा म्हणाले, ती पाव्हण्याच्या नावानं काढ, त्याला मान वाटंल. इथं मात्र मी ऐकलं नाही. पावती 'हुकमाप्रमाणे' म्हणून काढली, कुणाचंच नाव न घालता, पाठीवर आमची सही. म्हणजे तिथली बँक ज्याला देईल, त्यालाच माल मिळेल. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बँकेच्या सूचनापत्रात एक रकाना होता. गरज पडली तर तिथं कुणाशी बोलायचं? लोक तो रिकामा सोडतात. माझी कॉलेजातली एक मैत्रीण, कबनूरची, लग्न होऊन मोंबासालाच गेली होती. नवरा तिथं कापडाच्या कंपनीत. मी तिचं नाव घातलं. साहेबांनी वाचलं आणि पेन परत माझ्या हातात दिलं. "नुसतं नाव घालून उपयोग न्हाय. हिला अधिकार काय काय, ते लिहा. न्हायतर ती बँकेत गेली तरी बँक हिचं ऐकून घेणार न्हाय." मग मी लिहिलं. कागद नाकारले गेले तर तिनं माल बघावा, दुसरं गिऱ्हाईक शोधावं. किंमत मात्र आम्हाला विचारल्याशिवाय उतरवायची नाही, आणि पैशाशिवाय कागद कुणाला सोडायचे नाहीत.

आबांना हे कळल्यावर ते खो खो हसले. "ती? अगं, तिला रिक्षावाल्याशी भाडं ठरवता येत न्हवतं."

"ठरवता येत न्हवतं कारण ती भांडत बसायची, आबा. तेच पायजे आपल्याला."

जहाज पोचलं. आम्ही वाट बघितली. आई देवाला एक वात जास्त लावायला लागली. आणि एका सकाळी साहेबांचा शेडवर फोन आला, या म्हणून. त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं. मोंबासाच्या बँकेचा निरोप दोन ओळींचा होता. गिऱ्हाईक पैसे भरायला नकार देत आहे, कागद तुमच्या हुकमासाठी आमच्याकडं आहेत, पुढं काय करायचं कळवा.

पाठोपाठ पाव्हण्याचा फॅक्स. बाजार पडलाय, दुसरीकडून स्वस्त मिळतंय, किंमत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं कमी करत असाल तर कागद सोडवतो. खाली लिहिलं होतं, वहिनींना नमस्कार, पांढऱ्या रश्शाची आठवण येते. तो फॅक्स मी चुरगाळला, परत सरळ केला, आणि परत चुरगाळला. अशी तळपायाची आग मस्तकात गेली होती, की तो माणूस समोर असता तर त्याला मी त्याच रश्शात बुडवला असता.

डाव साधा होता. माल बंदरात पडून, रोजचं भाडं चढत चाललेलं, परत आणायचा तर जाण्यायेण्याचं दुप्पट भाडं, आणि फार दिवस पडून राहिला तर तिथलं कस्टम लिलावात काढणार. म्हणजे आम्ही गुडघे टेकणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आबा ग्राइंडरजवळ स्टुलावर बसले. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "त्याला लई आवडलता गं पांढरा रस्सा." आणि मग, "देऊन टाकू. जेवढं येतंय तेवढं घेऊ."

"तेवढ्यात कर्ज फिटत न्हाय, आबा. शेड जातीच."

"मग काय करू, सांग."

मला वडिलांनी आजवर कधी असं विचारलं नव्हतं. मी सायकल काढून सरळ फोनच्या बूथवर गेले. परदेशी फोनचा मीटर डोळ्यांसमोर पळत होता आणि मैत्रीण मोंबासातून किंचाळत होती. आमच्याकडच्या पोरी स्वतःला बाप्यासारखं बोलतात, 'मी गेले' नाही, 'मी गेलतो', आणि आफ्रिकेत जाऊनही तिचं ते सुटलं नव्हतं.

"थांब, मी बघतो. कुठल्या बँकेत हाय कागद? माझं नाव हाय नव्हं त्यात? मग झालं. मी उद्या जातो. तू रडू नकोस, बिल वाढतंय तुझं."

ती गेली. बँकेनं तिला बसवून घेतलं, कारण अधिकार लिहिलेले होते. इथं साहेबांना मी मनातल्या मनात वाकून नमस्कार केला. मग ती रसाच्या दुकानांतून हिंडत सुटली. तिसऱ्या की चौथ्या दुकानात एक बाई भेटली. मूळची कच्छची, नवरा वारलेला, समुद्राकाठी तिची चार रसाची दुकानं. पण बाई वस्ताद. न बघता एक पै देणार नाही म्हणाली.

मग आमची लेखी परवानगी गेली, माल सोडवणारा एजंट धरला, कस्टमच्या माणसासमोर एक खोकं उघडलं. पुढचं मी मैत्रिणीच्याच तोंडून ऐकलं, आणि त्या फोनचं बिल आजही मला महाग वाटत नाही.

"अगं, बाईनं मशीन बघितलं, दात बघितले, बेअरिंग बघितलं. तोंड असं वाकडंच. चिनी मशीन स्वस्त मिळतंय म्हणाली. मी म्हटलं, झालं, गेलं आता. मग तिनं चाक हातानं फिरवलं. आणि छुन छुन छुन!" मैत्रीण फोनवर तोंडानंच घुंगरं वाजवत होती, आणि बूथवाला माझ्याकडं बघत होता. "यार्डातली हमाल माणसं हातातलं काम टाकून आली. कस्टमवाला हसायला लागला, त्यानंच दोनदा फिरवलं. बाईनं परत चाक फिरवलं. मग म्हणाली, असा आवाज मी लहानपणी भूजला ऐकला होता. बाराच्या बारा देते का विचार म्हणाली."

मी बूथमधून बाहेर आले आणि सायकल तिथंच विसरून पळत शेडवर गेले. "आबा, घुंगरानं विकलं." आबांना आधी वाटलं, मी डोक्यावर परिणाम झाल्यासारखं बोलतेय. मग कळल्यावर ते उठले, खिळ्यावरच्या त्या जुन्या घुंगरांना हात लावला, आणि म्हणाले, "मी सांगत न्हवतो? पार्ट हाय तो."

पण कागदाचं काम संपलं नव्हतं. गिऱ्हाईक बदलायचं तर बँकेची मंजुरी हवी. किंमत फारशी उतरत नव्हती, बंदराच्या भाड्यापुरतीच सूट दिली होती, तेव्हा साहेबांनी मंजुरी आपल्या अधिकारात दिली. नव्या बाईच्या नावानं नवं बिल, नवी हुंडी, म्हणजे एवढे पैसे भरा असं सांगणारा कागद. जहाज कंपनीला पत्र, की माल आल्याची खबर आता हिला द्या. मालाची पावती मात्र तीच. ती कुणाच्याच नावावर नव्हती, त्यामुळं बदलायचीच गरज नव्हती. आबांनी सांगितल्याप्रमाणं ती पाव्हण्याच्या नावानं काढली असती, तर त्याच्या सहीसाठी त्याच्या पाया पडावं लागलं असतं. साहेबांनी हे आबांना नीट समजावून सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "दोन दिवस उगंच गप्प बसलो." माफी मागायची ही त्यांची पद्धत.

नव्या सूचना मोंबासाला पोचल्या त्याच आठवड्यात पाव्हण्याचा दुसरा फॅक्स. त्याला कुठून तरी सुगावा लागला होता. गैरसमज झाला, बाजार सुधारलाय, पूर्ण किंमत भरायला तयार आहे, उद्याच भरतो.

मी आबांकडं बघितलं. पूर्ण किंमत म्हणजे सूटही वाचत होती. साहेब म्हणाले, नव्या सूचना मागं घ्यायच्या असतील तर आत्ता सांगा, बाईनं अजून पैसे भरलेले नाहीत.

"बाईला शब्द दिलाय न्हवं?" आबा म्हणाले.

"तोंडी दिलाय, आबा. तिचीबी एलसी न्हाय."

"मग तर झालंच."

हा माणूस सुधारायचा नाही हे मला त्या दिवशी कळलं. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही तो सुधारायला नको होता. मी फॅक्सला उत्तर टाइप केलं, माल विकला गेला आहे, नमस्कार. आबांनी खाली एक ओळ घालायला लावली, कधी आलात तर घरी जेवायला या. मी दात ओठ खात ती पण टाइप केली.

बाईनं पैसे भरले. शेड राहिली. तारणाचे कागद सुटून आले त्या दिवशी आईनं पांढरा रस्सा केला आणि साहेबांना जेवायला बोलावलं. साहेबांनी टाय सोडून खिशात ठेवला आणि वाटीला तोंड लावून प्याले. जेवण झाल्यावर म्हणाले, "आबा, नशीब बरं होतं म्हणून. मैत्रीण तिथं नसती, पावती पाव्हण्याच्या नावानं असती, तर आज ह्या घरात रस्सा शिजला नसता. पुढच्या वेळी एलसी."

"व्हय, व्हय," आबा म्हणाले, आणि त्यांची वाटी परत भरली.

पुढच्या काही वर्षांत आम्ही थोडेफार चरक बाहेर पाठवले. मी एलसीच मागायची, आबा कुरकुरत घुंगरं काढायचे, खिळ्यावरचा घोस वाढत गेला. शेवटी मी गिऱ्हाइकाला आधीच कळवायला लागले, एलसीत घुंगरांचा उल्लेख करा म्हणून. कुणी ऐकायचं नाही. हे काय आहे, असं विचारायचे आणि सोडून द्यायचे.

आणि मग, नवं शतक लागून बरीच वर्षं झाली होती, मोंबासाची ती कच्छी बाई आमच्याकडं आली. मैत्रीण माहेरी कबनूरला आली होती, तिच्यासोबत. बाई ठेंगणी, केस पांढरे, पायात कापडी बूट, आणि चालणं लष्करातल्या माणसासारखं. मांस खात नव्हती. आईनं झुणका, भाकरी, मुगाची उसळ, वांगं केलं. मी ताटं वाढत होते आणि मनात एकच. आता ही आणखी चरक मागणार, जेवण होणार, आणि जेवल्यावर आबा मला डोळ्यांनी गप्प करणार.

बाईनं जेवायला बसायच्या आधीच पर्स उघडली. एक घडी केलेला कागद काढून तिनं माझ्या नव्हे, आबांच्या हातात ठेवला.

"तुम्हारी लडकी की सहेली ने बताया," ती म्हणाली, "के इस घर में खाना खाने के बाद कोई एलसी मांगता नहीं. तो मैं पहले खोल के आई."

मैत्रीण भिंतीला टेकून तोंडावर पदर दाबून हसत होती. आबांनी कागद उलटा धरला होता. त्यांनी तो माझ्याकडं दिला. तिच्या बँकेनं दिलेली एलसीची प्रत होती, मूळ आमच्या बँकेमार्फत येणार होतं. वीस चरक. मी सवयीनं तारखा बघितल्या, बंदर बघितलं, कागदांची यादी बघितली. सगळं चोख. मग मालाचं वर्णन आलं, आणि तिथं मी थांबले.

"काय झालं? काय चूक हाय काय?" आबांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. उसाच्या रसाचे चरक, नग वीस, पितळी घुंगरांसह.

आबांनी कागद परत घेतला, इंग्रजी वाचता येत नसताना नीट बघितला, आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. बरोबर त्याच ओळीवर कसं ठेवलं कुणास ठाऊक. डोळे पुसायला त्यांनी धोतराचा सोगा धरला. मग आईला हाक मारली.

"अगं, वाढ की. पाव्हणी उपाशी हायत."